चार तासांचा टोमॅटो

एक किलो पिकलेले टोमॅटो उभे चिरले, मीठ-तेल लावून ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर ठेवले आणि चार तासांनी त्याच फोडी पुन्हा काट्यावर ठेवल्या, तर वजन भरतं साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. उरलेले सहाशे-साडेसहाशे ग्रॅम वाफ होऊन स्वयंपाकघरात विरून गेलेले असतात. ट्रेमध्ये राहतात त्या आक्रसलेल्या, कडेला तपकिरी झालेल्या, गडद लाल फोडी. त्यातली एक कोमट असताना तोंडात टाकली की पहिल्यांदा खाणारा हमखास विचारतो, ‘यात साखर घातलीये का?’

घातलेली नसते, आणि ओव्हनने ती तयारही केलेली नसते. टोमॅटोत जेवढी साखर आधी होती तेवढीच, किंबहुना कणभर कमीच, चार तासांनंतर असते. फक्त तिच्या भोवतालचं पाणी गेलेलं असतं. दूध आटवून बासुंदी करताना जे होतं तेच इथे होतं. फरक इतकाच की बासुंदीत आपण वरून साखर घालतो आणि सतत ढवळत उभं राहतो, इथे दोन्हीची गरज पडत नाही. टोमॅटो मंद भाजण्याची सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे. कोणते टोमॅटो घ्यायचे, किती आच ठेवायची, कुठे थांबायचं, सगळं तिथूनच ठरतं.

थोडा हिशेब मांडून पाहू. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणी असतं. किलोभर टोमॅटोत साखर साधारण तीस ग्रॅम भरते, म्हणजे तीन टक्के. ही साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, जवळपास निम्मी निम्मी. तीन टक्के म्हणजे जिभेला जेमतेम जाणवेल इतकीच. आता किलोचे साडेतीनशे ग्रॅम झाले की तेच तीस ग्रॅम साडेआठ टक्क्यांवर जातात. संत्र्यात साधारण एवढीच साखर असते. म्हणजे ओव्हनमध्ये शिरताना जे फळ भाजीसारखं लागत होतं ते बाहेर येताना फळासारखं लागतं.

पण हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालतो, आणि इथेच पुष्कळांचा अंदाज चुकतो. टोमॅटोत आंबटपणा देणारी सायट्रिक आणि मॅलिक आम्लं असतात, किलोमागे चार-पाच ग्रॅम. पाणी गेलं की तीही तिपटीने एकवटतात. साखर आणि आम्ल यांचं आपसातलं प्रमाण जसं होतं तसंच राहतं. त्यामुळे जो टोमॅटो कच्चा खाताना नुसता आंबट लागतो तो भाजून गोड होणार नाही, आणखी कडक आंबट होईल. भाजल्यावर आंबटपणा बोचत नाही याची कारणं वेगळी आहेत: साखर एका मर्यादेपलीकडे गेली की ती आंबटाला झाकते, मीठ त्याला मदत करतं, तेल जिभेवर पसरून त्याची धार कमी करतं. मुळात गोडीच नसेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

म्हणून खरी निवड भाजीबाजारातच होते. टोमॅटोत साखर येते ती झाडाच्या पानांकडून, फळ वेलीवर असताना. केळं किंवा आंबा काढल्यानंतर आढीत गोड होतो, कारण त्याच्यात साठलेल्या पिठूळ भागाची साखर होते. टोमॅटोत असा साठा जवळजवळ नसतो. लांबच्या बाजारात पाठवायचा माल शेतकरी हिरवट किंवा नुकता गुलाबी धरू लागलेला तोडतात. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून दिल्ली-कोलकात्याकडे जाणारा माल असाच असावा लागतो, नाहीतर वाटेत क्रेटच्या तळाला त्याचा लगदा होईल. तो पुढे घरात लाल होतो, मऊ होतो, वासही थोडा धरतो, पण गोडी जेवढी घेऊन निघाला तेवढीच राहते. म्हणजे लाल रंग ही गोडीची खूण नव्हे. खरी खूण म्हणजे देठाकडचा वास. टोमॅटो हातात घेऊन देठाजवळ नाक न्यायचं. तिथे झाडाचा हिरवट, उग्र वास आला तर तो बऱ्यापैकी पिकून उतरवलेला आहे. काहीच वास येत नसेल तर तो आमटीत टाकायला ठीक.

गावठी घ्यावेत की हायब्रिड, हाही प्रश्न येतो. चपटे, खाचा पडलेले गावठी टोमॅटो चवीला सरस, याबद्दल घरोघरी एकमत असतं आणि सारासाठी ते खरंही आहे. ओव्हनसाठी मात्र मी लांबट, अंडाकृती हायब्रिडच्या बाजूने आहे. गावठीत रस जास्त, आम्ल जास्त, गर कमी. भाजल्यावर हातात उरतं ते साल, बिया आणि दात आंबणारी चव. हायब्रिड जाड गराचे आणि कमी पाण्याचे असतात. हा जाडपणा वाहतुकीसाठी त्यांच्यात आणला गेला आणि कोशिंबिरीत त्यामुळेच ते कंटाळवाणे लागतात, पण ट्रेवर तोच गुण ठरतो. इटलीत सॉससाठी जगभर नाव असलेला सान मारझानो हा टोमॅटो, नेपल्सजवळच्या व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या परिसरातला, तोही लांबट, जाड गराचा आणि कमी बियांचाच आहे. आपल्याकडे संध्याकाळी मंडईत जे मऊ पडलेले, डाग नसलेले पण हाताला नरम लागणारे लांबट टोमॅटो भाजीवाली बाजूला काढून ठेवते आणि ‘ताई, हे सगळे घेऊन टाका, कमी लावते’ म्हणते, ते या कामासाठी सगळ्यात चांगले. फुटलेले, बुरशी धरलेले मात्र नकोत. बुरशीचा वास भाजून जात नाही.

घरी आणल्यावर कडक असतील तर दोन दिवस टोपलीत बाहेरच राहू द्यावेत, देठाची बाजू खाली करून. फ्रीजच्या थंडीत टोमॅटोची वास तयार करण्याची क्षमता मंदावते आणि बरेच दिवस तिथे राहिले तर बाहेर काढल्यावरही ती पुरती परत येत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. किलोभर टोमॅटो धुऊन अगदी कोरडे पुसायचे. देठाचा कडक भाग काढायचा आणि लांबीत दोन भाग करायचे. बिया काढायच्या नाहीत. जुन्या पाककृतींच्या पुस्तकांत बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकायला सांगतात, कारण सॉस पातळ होतो. पण टोमॅटोची खमंग, मटणाच्या रश्शासारखी जी खोल चव असते ती ग्लुटामेट या घटकामुळे येते आणि तो बाहेरच्या गरापेक्षा या बुळबुळीत भागात जास्त असतो. इंग्लंडमधले शेफ हेस्टन ब्लूमेंथाल यांनी रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर हे मोजून २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. पाणी आपण तसंही उडवणारच आहोत, मग चव कशाला फेकायची?

ट्रेवर बेकिंग पेपर अंथरायचा. थेट ॲल्युमिनियमच्या ट्रेवर किंवा फॉइलवर टोमॅटो ठेवू नयेत. आम्ल आणि मीठ मिळून चार तासांत फॉइलला बारीक छिद्रं पाडतात आणि धातूची चव फोडींत उतरते. फोडी चिरलेली बाजू वर करून ठेवायच्या, एकमेकींना न चिकटवता, मध्ये बोटभर जागा सोडून. साल खाली राहिली की ती वाटीचं काम करते. रस तिच्यात राहतो आणि वरच्या उघड्या तोंडातून पाणी उडत जातं. उलट्या ठेवल्या तर रस ट्रेवर पसरतो आणि गर शिजायच्या आत तो जळून काळा होतो. दाटीवाटीने ठेवल्या तर वाफ फोडींमध्येच कोंडते आणि टोमॅटो भाजले जायच्याऐवजी उकडले जातात.

मीठ अर्धा चहाचा चमचा, म्हणजे तीन ग्रॅम. इतकं कमी का, तर मीठही एकवटतं. कच्च्या टोमॅटोला बेताचं लागलेलं मीठ चार तासांनी खारट लागतं. तेल दोन मोठे चमचे, हाताने प्रत्येक फोडीला चोळून. ऑलिव्हच हवं असं काही नाही. सूर्यफूल किंवा रिफाइंड शेंगदाणा चालतं. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा स्वतःचा वास फार पुढे येतो. सात-आठ लसूण पाकळ्या सालासकट ट्रेच्या मधोमध ठेवायच्या. सोललेल्या ठेवल्या तर कडवट होतील. युरोपात यावर थाइमच्या काड्या ठेवतात. त्याच्यासाठी मॉलमध्ये जायची गरज नाही. थाइमला ज्यामुळे वास येतो ते थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असतं. चिमूटभर ओवा हातावर चुरडून टाकला की झालं. चिमूटभरच, नाहीतर सगळ्या ट्रेला भज्यांचा वास लागेल.

ओव्हनबद्दल दोन गोष्टी. घरगुती ओटीजीच्या चकतीवरचे आकडे फार विश्वासाचे नसतात. १२० वर लावलेला ओव्हन आत १०० असू शकतो किंवा १४० सुद्धा. काही शे रुपयांत ओव्हनमध्ये टांगायचा तापमापक मिळतो. या कामासाठी तो घ्यावाच, कारण मंद आचेत वीस अंशांचा फरक म्हणजे एक-दोन तासांचा फरक. दुसरी गोष्ट टायमरची. बऱ्याच ओटीजींचा टायमर एक किंवा दोन तासांचाच असतो आणि तो संपला की घंटी वाजून आच बंद होते. तेव्हा एक तर सतत चालू राहण्याची खूण असेल तिथे तो ठेवायचा किंवा दर तासाला फिरवत राहायचं. खालचा आणि वरचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत. आत पंखा असेल तर दहा-पंधरा अंश कमी ठेवायचे, कारण वारा पाणी लवकर पळवतो.

पहिल्या तासात काही घडत नाहीये असं वाटतं. फोडी गरम होतात, वर रसाचे थेंब जमतात, घरभर कच्च्या टोमॅटोचा वास सुटतो. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच उतरलेलं असतं. दुसऱ्या तासात कडा आत वळू लागतात आणि मधला रस घट्ट दिसू लागतो. वासही बदलतो, हिरवटपणा जाऊन उकळत्या सॉसचा वास येतो. तिसऱ्या तासाच्या अखेरीस किलोचं पाचशे-साडेपाचशे झालेलं असतं. फोडीच्या कडेला तपकिरी रेघ दिसते, मध्यभाग अजून ओला आणि चमकदार असतो आणि कागदावर पसरलेलं तेल केशरी झालेलं असतं. हा रंग टोमॅटोतल्या लायकोपीनचा. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हे तेल टाकायचं नाही, ट्रेमधली सगळ्यात चविष्ट गोष्ट तीच आहे. चौथ्या तासानंतर चमच्याने फोड दाबून पाहायची. रस वाहून आला नाही, पण आतला गर मऊ आणि दमट आहे, म्हणजे काम झालं. कडा तपकिरीवरून काळ्या व्हायला लागल्या असतील तर त्या भागाची चव कडू होणार. तेवढ्या कडा कात्रीने कापून टाकाव्यात. गर चामड्यासारखा चिवट झाला असेल तर तो गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून वापरता येतो, फक्त तो मग सुकवलेला टोमॅटो झाला.

एवढा वेळ कशाला, २०० अंशांवर चाळीस मिनिटांत का नाही? कारण पाणी आतून बाहेर यायला वेळ लागतो, तो आच वाढवून फारसा वाचत नाही. फोड जोवर ओली आहे तोवर तिचं वरचं तोंड शंभर अंशांच्या बरंच खाली राहतं. उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं. जो भाग कोरडा पडला तोच पुढे तापतो, आणि तापल्यावर साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळून तपकिरी, खमंग पदार्थ तयार होतात. भाकरीच्या पापुद्र्याला जो वास येतो तोही याच जुळणीतून. २०० अंशांवर कडा मिनिटांत कोरड्या पडतात आणि करपतात, मधला भाग मात्र पाणीदारच राहतो. १२० वर पाणी आतून येत राहतं आणि कडेचा कोरडेपणा सावकाश आत सरकतो, त्यामुळे वाळणं आणि भाजणं दोन्ही बरोबर चालतात. ८० अंशांवर ठेवलं तर भाजणं होतच नाही. तिथे दिवसभरात टोमॅटो सुकतो, पण खमंग होत नाही. फ्रान्समध्ये साल काढलेल्या फोडी लसूण-तेलासह ९०-१०० अंशांवर ठेवून ‘तोमात कोंफित’ करतात. तिचा पोत मुरांब्याच्या फोडीसारखा रेशमी असतो आणि चव स्वच्छ गोड. सूप-सॉससाठी मला तपकिरी कडा हव्यात, म्हणून ११० ते १३०.

जिथे ऊन कडक आणि हवा कोरडी असते तिथे हेच काम सूर्याकडून करून घेतात. सिसिलीमध्ये ऑगस्टमध्ये टोमॅटो शिजवून, गाळून, मीठ घालून त्याचा रस लाकडी फळ्यांवर पसरतात आणि रोज हलवत उन्हात आटवतात. आठवड्याच्या आसपास विटेच्या रंगाचा, चिखलासारखा घट्ट गोळा उरतो. त्याला तिथे ‘स्ट्राटू’ म्हणतात आणि हिवाळाभर त्याचा चमचा-चमचा रश्शात पडतो. आपल्याकडे पापड-सांडग्यांच्या उन्हात हे जमेल, पण पावसाळ्यात किंवा ढगाळ हवेत नाही. कोकणात तर विचारच करू नये. फोड सुकण्याआधी तिला बुरशी येईल.

आता सूप. इथे एक अडचणीचा प्रश्न आहे, तो बाजूला सारण्यासारखा नाही. चार तास वीज जाळून सहाशे ग्रॅम पाणी उडवायचं आणि मग सूप पातळ करायला तेवढंच पाणी परत घालायचं, तर साखर पुन्हा तीन टक्क्यांवरच येते. मग मिळवलं काय? कडांचा खमंगपणा, भाजलेल्या लसणाची गोडी आणि केशरी तेल हे सगळं राहतं, पण ती एकवटलेली गोडी पाण्यात गेली. म्हणून सूपासाठी मी फोडी तीन तासांनीच काढते. तेव्हा त्या पाचशे ग्रॅम असतात. त्यात फक्त पाव लिटर पाणी. सूप पाऊण लिटरच्या आसपास होतं, चार छोट्या वाट्या, आणि कच्च्या टोमॅटोपेक्षा स्पष्ट गोड लागतं. ज्यांना मोठा बाऊल भरून सूप लागतं त्यांच्यासाठी ही पद्धत नाही.

करायला सोपं आहे. फोडी थोड्या निवल्या की साल दोन बोटांच्या चिमटीत अलगद सुटून येते. लसणाच्या पाकळ्या सालातून दाबल्या की आतला मऊ लगदा निघतो. ट्रेवरचं तेल पातेल्यात घेऊन त्यात एक बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतायचा. फोडी, लसूण, पाणी घालून दहा मिनिटं उकळायचं. मग गार करून मिक्सरला फिरवायचं. गार करणं यातलं महत्त्वाचं. गरम सूप बंद भांड्यात फिरवलं की आतल्या वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. शेवटी एक ताजा टोमॅटो किसून, त्याचा रस सूपात घालून एकच उकळी द्यायची. मंद आचेत टोमॅटोचा जो हिरवट, ताजा वास उडून गेलेला असतो तो असा थोडा परत येतो. कॉर्नफ्लोअर लागत नाही, रंगासाठी बीटही लागत नाही. मीठ मात्र आता चाखून घालायचं, आधीचं अर्धा चमचा पुरणार नाही.

या पद्धतीचं खरं सोनं होतं ते सॉसमध्ये, कारण तिथे पाणी परत घालावं लागत नाही. चार तास भाजलेल्या साडेतीनशे ग्रॅम फोडी साली काढून काट्याने कुस्करायच्या. मिक्सर नको, त्यात हवा मिसळून रंग फिका गुलाबी होतो. ट्रेवरचं तेल, कुस्करलेला लसूण, थोडी मिरपूड. पास्त्यासाठी असेल तर पास्ता शिजवलेलं पीठूळ पाणी अर्धी वाटी घालून कढईत दोन मिनिटं हलवायचं. चार जणांना पुरतं. हाच गोळा पनीरच्या भाजीला, अंडाकरीला, थालीपीठाबरोबर चटणीसारखाही चालतो. पातेल्यात टोमॅटो आटवून जवळपास एवढीच घट्टी मिळते, पण तिथे सतत ढवळावं लागतं, शेवटी-शेवटी भिंतीवर लाल शिंतोडे उडतात, तळ लागतो आणि तपकिरी कडांची चव मिळत नाही कारण पातेल्यात काही कोरडं पडतच नाही.

चाखून फोडी आंबट लागल्याच, तर सॉसमध्ये पाव चमचा साखर किंवा बोटभर गूळ घालावा. खाण्याचा सोडा घालू नये. तो आम्ल मारतो खरा, पण टोमॅटोची चवही साबणासारखी मिळमिळीत करतो.

साठवण्याबद्दल ठामपणे सांगायला हवं, कारण तेलात बुडालेल्या लाल फोडी बघितल्या की आपला हात बरणीकडे जातो. लोणच्याला जे टिकवतं ते भरपूर मीठ आणि आम्ल. या फोडींत मीठ नावाला आहे. त्यात भर लसणाची. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा जागी, कमी आम्लाच्या लसणात बोट्युलिझमचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात. या विषाला वास नसतो, चव नसते, रंगही बदलत नाही. म्हणून या फोडी बाहेर कधीही ठेवायच्या नाहीत. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस. त्याहून जास्त हव्या असतील तर लसूण वेगळा काढून फोडी ट्रेवर सुट्या गोठवायच्या आणि मग पिशवीत भरायच्या; फ्रीजरमध्ये तीन महिने चव टिकते.

खर्चाचा विचार केला तर नुसतं सहाशे ग्रॅम पाणी वाफ व्हायलाच सुमारे ०.४ युनिट वीज लागते, त्यात काटकसर करता येत नाही. बाकीची ओव्हनच्या पत्र्यातून बाहेर जाते. साध्या ओटीजीला चार तासांत साधारण दीड ते दोन युनिट धरावेत. टोमॅटो शंभर रुपयांच्या वर असतील, जसे २०२३ च्या जुलैत होते, तेव्हा किलोचे साडेतीनशे ग्रॅम करणं परवडणारं नाही. भाव पडलेले असतील आणि फोडी मऊ, वासाच्या मिळत असतील तेव्हा ट्रे भरून लावावा.

सारासाठी मात्र ओव्हन लावू नका. साराला टोमॅटोचा ताजेपणा आणि पातळ, आंबूस धार लागते. मंद भाजलेल्या फोडी घातल्या की नारळाच्या दुधाबरोबर ते जड होतं आणि भातावर पसरत नाही. तिथे गावठी टोमॅटो उकडून, गाळून, तुपाची जिऱ्याची फोडणी द्यावी, हेच बरोबर आहे.